शेकडा दोन: एक भिंत, एक जिना

बचत गटाच्या बैठकीत ‘शेकडा दोन’ हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की त्यांचा अर्थ विचारायचे कुणाच्या मनात येत नाही. शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये व्याज, हे प्रत्येकीला तोंडपाठ असते. मात्र हे शंभर कोणते, हा प्रश्न क्वचितच निघतो. कर्ज घेतले त्या दिवशीच्या रकमेतले, की आज फेडायचे राहिले आहेत त्यातले? या एका प्रश्नाच्या उत्तरावर बारा हजारांच्या कर्जाचे व्याज जवळपास दुप्पट होऊ शकते. बचत गटासाठी अर्थसाक्षरतेचा व्हिडिओ करायचा आणि त्यात एकच गोष्ट सांगायची असेल, तर ती हीच.

एकच गोष्ट सांगण्याचा आग्रह महत्त्वाचा आहे. असे बहुतेक व्हिडिओ बचत, विमा, निवृत्तिवेतन, एटीएम आणि ऑनलाइन फसवणूक हे सगळे दहा मिनिटांत उरकतात. बघणारीच्या हाती त्यातून ‘पैसे जपून वापरावेत’ एवढाच बोध लागतो, आणि तो तिला आधीपासून ठाऊक असतो. आठवड्याच्या बाजारात तेल, डाळ, साबण आणि मुलीची वही दिलेल्या पैशांत बसवणाऱ्या बाईला हिशेब शिकवायला जाणे हा उद्धटपणा आहे. तिचे तोंडी गणित चांगले असते. अडचण येते ती वर्षभर चालणाऱ्या हिशेबात, कारण त्यात दर महिन्याला आकडा बदलतो आणि मागचा आकडा डोळ्यांसमोर राहत नाही. चित्राची गरज तिथे लागते.

गटांची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे राज्यात ‘माविम’ आणि ‘उमेद’ यांनी गावोगाव गट उभे केले. दहा ते वीस बाया, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेली वही, ही पंचसूत्री बहुतेक गटांना पाठ असते. व्हिडिओला याच ओळखीच्या चौकटीत बसता येते. वही, सचिव, हप्ता आणि उचल हे शब्द तिथे समजावून सांगावे लागत नाहीत.

व्हिडिओ कसा दाखवायचा यालाही एक तयार वाट आहे. बंगळुरूत २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेत ‘डिजिटल ग्रीन’ हा प्रयोग सुरू झाला. शेतीची माहिती देणारे छोटे चित्रपट त्यात गावातल्याच शेतकऱ्यांना घेऊन केले जात आणि छोट्या समूहाला दाखवले जात. शेजारी एक माणूस उभा असे. तो चित्र थांबवी, प्रश्न विचारी आणि मग पुढे नेई. पडद्याइतकेच काम तो थांबवणारा माणूस करत होता. बचत गटाच्या व्हिडिओतही जागोजागी थांबण्याची सोय हवी, आणि ती संहितेतच लिहिलेली हवी.

अशा व्हिडिओची एक नमुना गोष्ट घेऊ. गटात दहा बाया आहेत. प्रत्येकीची बचत महिन्याला २०० रुपये. वर्ष झाले, तेव्हा पेटीत २४,००० रुपये जमले. गटातल्या मंगलला शिलाई मशीन घ्यायचे आहे आणि त्यासाठी १२,००० रुपये हवेत. गट शेकडा दोनने द्यायला तयार आहे. त्याच आठवड्यात बाहेरचा एक माणूस दारात येतो. तो म्हणतो, “आमच्याकडेही शेकडा दोनच आहे, ताई. शिवाय बैठक नाही, सही-अंगठा नाही, हप्ता ठरलेला. महिन्याला १,२४० रुपये, बारा महिने, विषय संपला.” मंगलला सोपे वाटते. शांतामावशी मात्र म्हणते, “मंगल, दोन्हीकडे शेकडा दोन हाय ना? मग बस जरा, दोन्ही मांडून बघू.”

व्हिडिओ इथे पहिल्यांदा थांबतो. कोणते कर्ज स्वस्त, हे बघणाऱ्यांनी आधी बोलून दाखवायचे असते. दर एकच असल्याने बऱ्याच जणी ‘सारखेच’ म्हणतात, आणि त्यांनी तसे म्हणणे गरजेचेही आहे. आधी चुकलेला अंदाज असला, की पुढचे चित्र डोक्यात रुतते.

मग पडद्यावर विटा येतात. एक वीट म्हणजे वीस रुपये. विटेऐवजी हिरवट-पिवळी वीस रुपयांची नोटच दाखवली तर आणखी चांगले, कारण ती अक्षरे न वाचताही ओळखता येते. बाहेरच्या माणसाचे व्याज आधी मांडायचे. १२,००० रुपयांना शेकडा दोन म्हणजे महिन्याला २४० रुपये, म्हणजे बारा विटा. पहिल्या महिन्याला बारा विटांचा एक खांब उभा राहतो. दुसऱ्या महिन्याला पुन्हा बारा विटा. तिसऱ्याला पुन्हा बारा. हा माणूस व्याज धरतो ते शेवटपर्यंत १२,००० वरच, मधल्या काळात मंगलने कितीही मुद्दल फेडलेले असो. बारा महिन्यांचे बारा सारखे खांब शेजारीशेजारी लागतात आणि पडद्यावर एक सरळ भिंत उभी राहते. बारा गुणिले बारा, १४४ विटा. रुपयांत २,८८०.

आता गटाचे व्याज. मंगल दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज देते. पहिल्या महिन्याला १२,००० बाकी, व्याज २४० रुपये, बारा विटा. इथपर्यंत दोन्ही चित्रे सारखी. पण हजार फिटले, त्यामुळे दुसऱ्या महिन्याला बाकी ११,००० आणि व्याज २२० रुपये, अकरा विटा. तिसऱ्या महिन्याला दहा विटा, चौथ्याला नऊ. खांब एकेका विटेने उतरत जातो आणि बाराव्या महिन्याला एकच वीट उरते, कारण तेव्हा १,०००च फेडायचे असतात आणि त्यांचे व्याज २० रुपये होते. भिंतीच्या जागी आता जिना दिसतो. त्यातल्या विटा मोजल्या तर ७८ भरतात, म्हणजे १,५६० रुपये.

जिना भिंतीसमोर आणून ठेवला की वरचा कोपरा रिकामा दिसतो. त्या कोपऱ्यात ६६ विटा मावतात. १,३२० रुपये. मंगलने फेडलेल्या पैशांवरही बाहेरच्या माणसाने लावलेले व्याज ते हे. आधीच परत केलेल्या वस्तूचे भाडे भरत राहावे, तसा हा प्रकार आहे. व्हिडिओत हीच उपमा वापरावी, कारण लग्नकार्याला भांडी भाड्याने आणलेली नसतील असे घर विरळा. दहा पातेली आणली, त्यातली चार दुसऱ्या दिवशी परत केली, तर तिसऱ्या दिवशीचे भाडे सहाचेच द्यायचे. दुकानदाराने दहाचे मागितले, तर कोणती बाई ऐकून घेईल?

पहिल्या पद्धतीला सरळ किंवा सपाट व्याज म्हणतात आणि दुसरीला घटत्या शिल्लकेवरचे व्याज. हे शब्द व्हिडिओत एकदा सांगावेत, तेही चित्र समजल्यावर. आधी सांगितले तर ते व्याख्या म्हणून पाठ होतात आणि विसरले जातात. सपाट शेकडा दोन हे घटत्या शिल्लकेवर मोजले तर महिन्याला शेकडा जवळपास साडेतीन पडते. हा आकडा व्हिडिओत घालायचा मोह टाळलेला बरा. तो काढण्याची रीत बैठकीत दाखवता येत नाही, आणि रीत न दाखवता आकडा दिला तर तो फक्त विश्वासावर घ्यावा लागतो. विटा मात्र कुणालाही मोजता येतात.

जिन्याच्या ७८ विटांचे पुढे काय होते, हा गोष्टीतला दुसरा भाग. बाहेरच्या माणसाच्या १४४ विटा गावाबाहेर जातात. गटाच्या ७८ विटा पेटीत पडतात. दहा जणींत सारख्या वाटल्या तर एकेकीच्या नावावर १५६ रुपये येतात, आणि त्या दहा जणींत मंगलही आहे. म्हणजे १,५६० भरून तिचे १५६ तिलाच मिळतात. ही रक्कम लहान आहे, आणि ती फार मोठी असल्यासारखी रंगवू नये. गट व्याज वाटून टाकेल किंवा पेटीतच ठेवून पुढच्या कर्जाला वापरेल, तो त्याचा ठराव. व्याज कुठे गेले, एवढे मात्र पडद्यावर हाताने दाखवायला हवे. एक हात दाराबाहेर जाणारा, दुसरा पेटीत पडणारा.

तिसरा प्रसंग टक्क्यांच्या भाषेचा. गट महिन्यावर बोलतो, वित्तसंस्था वर्षावर बोलतात, आणि इथे गफलत होते. एजंट सांगतो, “गटाचे शेकडा दोन म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. आमचे फक्त बारा टक्के!” ऐकायला निम्मे. पण ते बारा टक्के सपाट असतील तर १२,००० वर वर्षाचे व्याज १,४४० रुपये होते, म्हणजे भिंत सहा विटा उंच आणि बारा महिने लांब, ७२ विटांची. गटाचा जिना ७८ विटांचा. फरक फक्त सहा विटांचा, १२० रुपयांचा. त्यावर दोन टक्के प्रक्रिया शुल्क असेल तर २४० रुपये म्हणजे आणखी बारा विटा वाढतात आणि एकूण खर्च १,६८० रुपयांवर जातो. ‘बारा टक्के’ अशा रीतीने ‘चोवीस टक्क्यां’पेक्षा महाग पडतात. शिवाय शुल्क आधीच कापून घेतले तर हातात येतात ११,७६० रुपये, आणि व्याज भरायचे ते पूर्ण १२,००० वर. मशीनची किंमत तेवढीच असेल, तर राहिलेल्या २४० रुपयांसाठी मंगल पुन्हा कुणापुढे हात पसरणार.

या प्रसंगात बाईने विचारायचे प्रश्न तीनच आहेत आणि ते पात्राच्या तोंडी आले की लक्षात राहतात. “हातात किती पडतील? सगळे मिळून किती फेडायचे? मधेच फेडले तर काय?” पहिल्या दोन उत्तरांची वजाबाकी म्हणजे कर्जाची खरी किंमत. बाराशेचाळीसच्या हप्त्याचा माणूस या प्रश्नांनी अडचणीत येतो, कारण १,२४० गुणिले बारा म्हणजे १४,८८० हे त्याने स्वतःहून कधी म्हटलेले नसते.

नियम इथे बाईच्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या सूक्ष्मवित्त निर्देशांनुसार नोंदणीकृत संस्थेने कर्जाची सर्व किंमत दाखवणारा साधा माहितीपत्रक-तक्ता द्यायचा असतो आणि मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड आकारायचा नसतो. किरकोळ कर्जांसाठी शुल्कासहित वार्षिक दर दाखवणारे पत्रक देण्याचा नियम २०२४च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. खासगी सावकाराला महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना लागतो. व्हिडिओत या कलमांची यादी नको. “कागद दाखवा” या एका वाक्यात ती मावतात. कागद मिळत नसेल तर तेही एक उत्तरच असते.

आता एक अवघड प्रसंग, जो बहुतेक व्हिडिओ गाळतात. चौथ्या महिन्यात मंगलचा मुलगा आजारी पडतो. तिच्याकडे मुद्दलाचे हजार नाहीत, ती फक्त व्याजाचे १८० रुपये देते. जिन्यात काय होते? पाचव्या महिन्याला बाकी उतरलेली नसते, त्यामुळे नऊ विटांचा खांब पुन्हा एकदा उभा राहतो. जिना तेरा महिन्यांचा होतो आणि एकूण व्याज १,७४० रुपये. आठ आणि दहाच्या मधली पायरी दोनदा आलेली डोळ्यांना लगेच दिसते. हप्ता चुकणे म्हणजे काय, हे या चित्रात ओरडून सांगावे लागत नाही आणि मंगलला बैठकीत खाली मानही घालावी लागत नाही. गटातली बाई ‘थकबाकीदार’ या शब्दाला घाबरते, आणि घाबरलेली बाई बैठकीला यायचेच बंद करते. व्हिडिओने तिला पुढच्या बैठकीत मुदत मागताना दाखवले, तर त्याचे काम झाले.

चित्रांच्या बाबतीत चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी म्हणजे आलेख. आडवी रेघ, उभी रेघ आणि मधे चढणारी वाकडी रेघ, ही भाषा शाळेत न शिकलेल्या डोळ्याला काहीच सांगत नाही. चकलीसारखे कापलेले गोल तर त्याहून दूरचे. मोजता येणाऱ्या वस्तू हव्यात, आणि त्या एकेक करून यायला हव्यात. बारा विटा एकदम प्रकटल्या तर त्या विटा राहत नाहीत, नुसता रंगीत ठोकळा होतो. पहिले दोन खांब विटेगणिक रचावेत, आवाजात ‘एक, दोन, तीन’ मोजत, आणि मग वेग वाढवावा. मधेच विटेची किंमत बदलू नये. मोठ्या रकमेसाठी ‘आता एक वीट शंभराची’ असे केले की आधीची सगळी तुलना वाया जाते.

दुसरी चूक आवाजाची. आकडा पडद्यावर येतो आणि त्याच वेळी निवेदिका पुढचे वाक्य बोलत असते, पाठीमागे संगीत. आकडा आला की दोन-तीन सेकंद शांतता हवी. पाहणारीला मनात बेरीज करायला तेवढा वेळ लागतो, आणि ती शांतता कापली तर व्हिडिओ आखीव दिसतो पण शिकवत नाही. अंक गटाच्या वहीत असतात तसेच लिहावेत. वही देवनागरी अंकांत असेल तर देवनागरी, पासबुकासारख्या अंकांत असेल तर तसे. टक्क्याची खूण शक्य तितकी टाळून ‘शंभराला दोन’ असेच लिहावे.

तिसरी चूक बोलीची. पुण्याच्या स्टुडिओतली निवेदिका ‘कर्जदार महिलेने परतफेडीचे नियोजन करावे’ असे म्हणते, आणि गडहिंग्लजच्या नाहीतर जिंतूरच्या बैठकीत बायका एकमेकींकडे बघतात. मशीन, पेटी, ओट्यावरचे डबे, बैठकीची सतरंजी हे सगळे जवळच्याच एखाद्या गटात चित्रित करावे आणि बोलावे तसेच बोलू द्यावे. एजंटला खलनायक करायचीही गरज नाही. तो हसतमुख असतो, ‘ताई’ म्हणतो, चहा नको म्हणतो. तसाच दाखवला तर ओळखीचा वाटतो आणि त्याच्या बोलण्यात नेमके कुठे काय गाळले आहे, तिकडे लक्ष जाते.

जिन्याच्या चित्राला एक मर्यादा आहे आणि ती माहिती दाखवणाऱ्या ताईंना आधीच असावी. बँक बहुधा दर महिन्याला सारखाच हप्ता घेते, मुद्दल आणि व्याज मिळून. १२,००० रुपये, शेकडा दोन, घटत्या शिल्लकेवर आणि सारखे बारा हप्ते असतील तर हप्ता जवळपास १,१३५ रुपये पडतो आणि एकूण व्याज १,६१६ रुपयांच्या आसपास. जिन्यापेक्षा थोडे जास्त, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दल कमी फिटते. यात फसवणूक नाही. पण बैठकीतल्या एखाद्या हुशार मुलीने आपल्या बँकेचा हप्ता घेऊन जिन्याशी जुळवला आणि तो जुळला नाही, तर ताईंनी “तुझं चुकलं” म्हणू नये.

सगळ्या मिळून हा व्हिडिओ आठ-नऊ मिनिटांचा होतो, आणि थांबे धरून बैठकीतला अर्धा-पाऊण तास खातो. तो समजला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही, आणि ‘समजलं का?’ विचारल्यावर येणाऱ्या ‘हो’वरून तर नाहीच. ‘मंगलने किती व्याज दिले?’ हा प्रश्नही फसवा आहे, कारण १,५६० हा आकडा नुसता लक्षात राहू शकतो. नवे गणित द्यावे लागते. सहा हजारांचे कर्ज, सहा महिने, महिन्याला हजार मुद्दल, शेकडा दोन. खडे किंवा शेंगदाणे घेऊन मांडायला सांगावे. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक असे एकवीस शेंगदाणे मांडले गेले तर ४२० रुपये आले. सहा-सहाच्या सहा ओळी लागल्या आणि ७२० आले, तर भिंतच उभी राहिली आहे. अशा वेळी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून न लावता दुसऱ्या खांबाच्या जागी नेऊन थांबवावा, जिथे बारावी वीट गळून पडते, आणि ती का गळली हे त्यांनाच विचारावे.

यानंतर गटाची स्वतःची कर्जवही उघडली जाते. एखाद्या पानावर सचिवाने सहा महिने सारखेच व्याज लिहिलेले सापडते. बहुधा त्यात लबाडी नसते, दर महिन्याला बाकी काढण्याचा कंटाळा असतो. त्या पानावर बाकीचा एक रकाना ओढला जातो, जास्त घेतलेले व्याज पुढच्या हप्त्यात वळते होते, आणि बैठकीच्या इतिवृत्तात तसा ठराव लिहून सगळ्या सह्या करतात.